सदर व्यक्ती

माझं मराठी चांगलं आहे, याचा मला फार गर्व होता. ऑफिसात तो गर्व करायला फारशी संधी मिळत नसे, कारण तिथे सगळं इंग्रजीत चालायचं. येरवड्याच्या बाजूला नव्याने उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत आमची सॉफ्टवेअर कंपनी होती आणि मी तिच्या प्रशासन विभागात होते. प्रशासन म्हणजे पाण्याचे जार, गाड्यांचे पास, एसी दुरुस्ती, आणि बाहेरगावाहून येणाऱ्या लोकांसाठी जागा शोधणं. अमेरिकेची कामं धडाधड येत होती, माणसं भराभर घेतली जात होती, आणि प्रत्येक नव्या माणसाबरोबर माझ्या टेबलावर एक नवा कागद यायचा : कंपनीच्या नावाने फ्लॅट घ्यावा.

ती मुलगी यवतमाळकडची. वय चोवीस, अंगाने बारीक, आवाज मात्र खणखणीत. मुलींच्या एका वसतिगृहात राहायची. तिथलं फाटक रात्री नऊला बंद व्हायचं आणि तिच्या प्रोजेक्टचे अमेरिकेशी फोन अकराला संपायचे. कंपनीची गाडी तिला रात्री पोचवायची आणि मग फाटकाशी रोज वाद. शेवटी वसतिगृहाच्या बाईंनी लेखी कळवलं की महिनाअखेरीस खोली सोडावी. वडिलांनी फोनवर तिला स्पष्ट सांगितलं होतं, "महिनाअखेरपर्यंत ठिकाण नाही झालं तर सरळ घरी ये. लोकाच्या दारात उभं राहून नोकरी करायची गरज नाही." ते बोलल्याप्रमाणे करणारे आहेत, हे तिने मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तिने टेबलाची कड धरली होती.

मी तीन जागा पाहिल्या. पहिल्या ठिकाणी "एकटी मुलगी" म्हटल्यावर मालकीणबाईंनी चहाचा कप माझ्यासमोरून उचललाच. दुसऱ्या ठिकाणी "रात्री कधी येते?" याचं उत्तर मी खरं दिलं. तिसऱ्या ठिकाणी सोसायटीच्या चेअरमननी मला समजावलं, की त्यांचा स्वतःचा काही आक्षेप नाही, पण इतरांचा आहे. पुण्यात आक्षेप नेहमी इतरांचाच असतो. मला इतका संताप आला की घरी येऊन मी नवऱ्यावर विनाकारण खेकसले.

मग पेपरात एक जाहिरात दिसली. येरवड्याला, ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर एक शयनगृह असलेली सदनिका. "कंपनीस देणे आहे. मराठीत लेखी कळवावे. दूरध्वनीवर अटी ठरवल्या जाणार नाहीत." खाली नारायण पेठेतला पत्ता आणि फोन नंबर. मालक एका छापखान्यातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक होते, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधणारे. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी ही सदनिका घेतली होती. खात्री करण्यासाठी मी एकदा फोन केलाच, तर म्हणाले, "जाहिरात वाचलीत ना? मग?" आणि ठेवला. त्या आधीच्या अर्ध्या वाक्यात मात्र एवढं बोलून गेले, की कुटुंब असेल तर बरं.

तिथेच माझ्या डोक्यात ते आलं. इंग्रजीत 'आमचा कर्मचारी' लिहिलं की बाई की पुरुष ते कळत नाही. मराठीत लगेच कळतं. 'आला' म्हटलं की संपलं, 'आली' म्हटलं तरी संपलं, आदराने लिहिलं तरी 'आले' नाहीतर 'आल्या'. पण भविष्यकाळात आदरार्थी लिहिलं तर कोणालाच काही कळत नाही. राहतील, येतील, वापरतील. 'त्यांना' आणि 'त्यांचे' हेही दोघांना चालतं. मी बसले आणि एका बैठकीत पहिलं पत्र लिहिलं. आमच्या कंपनीतील एक अभियंता आपल्या सदनिकेत राहतील. सदर व्यक्ती शांत स्वभावाची असून त्यांची संपूर्ण जबाबदारी कंपनी घेईल. 'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगीच असल्यामुळे 'स्वभावाची' लिहूनसुद्धा कोणी पकडू शकत नव्हतं. मला स्वतःचं भलतंच कौतुक वाटलं.

अटी रीतसर मांडल्या. करार अनुमती-परवान्याचा, म्हणजे लीव्ह-लायसन्सचा, मुदत अकरा महिने. परवानाधारक कंपनी, राहणारी व्यक्ती कंपनीची कर्मचारी, तिचा जागेवर भाडेकरू म्हणून कोणताही हक्क निर्माण होणार नाही. दरमहा रक्कम कंपनीच्या क्रॉस केलेल्या धनादेशाने. अनामत रक्कम बिनव्याजी, जागेचा ताबा परत देताना त्याच दिवशी परत मिळावी. वीजबिल कंपनी भरेल, सोसायटीची देखभाल मालकांनी भरावी. मुदतीआधी सोडायचं तर दोन्हीकडून एक महिन्याची लेखी सूचना. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा, मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च कंपनीचा. आणि आमच्या प्रत्येक करारात असायची ती ओळ : सदर सदनिका कंपनी आपल्या कोणत्याही कर्मचाऱ्यास राहण्यास देऊ शकेल.

चार दिवसांनी उत्तर आलं. माझंच पत्र, लाल शाईने तपासलेलं. एका ठिकाणी ऱ्हस्वाचं दीर्घ केलं होतं. 'सदर' हा शब्द सात वेळा आला होता आणि सातही ठिकाणी खाली रेघ होती. समासात अटींवरची मतं. 'धनादेश पाच तारखेच्या आत हवा.' 'सालाची एकूण रक्कम पाहता त्यातून कर कापणार का, ते स्पष्ट करावे.' 'नोंदणीची जबाबदारी कायद्याने माझ्यावर आहे, म्हणून तारीख मी ठरवीन.' मजकुरात एकच चूक सापडली, याचा मला आनंदच झाला.

मी उत्तर पाठवलं. आमच्या हिशेब विभागातून धनादेश दहा तारखेनंतर निघायचे. मी तिथे जाऊन भांडले आणि सात तारखेवर आणून बसवलं. कर कापण्याची मर्यादा वर्षाच्या एकूण रकमेवर असते आणि ही रक्कम त्या मर्यादेच्या खाली होती, तेव्हा काही कापलं जाणार नाही, हेही लिहिलं. आणि पुन्हा सगळं पत्र भविष्यकाळात. सदर व्यक्तीची कामाची वेळ अनियमित राहील, कंपनीची गाडी त्यांना पोचवील.

त्या दिवशी ती मुलगी माझ्या टेबलाशी आली, चौकशीला. मी मोठ्या ऐटीत जाहिरातीचं कात्रण आणि दोन्ही पत्रांच्या प्रती तिच्यापुढे सरकवल्या. "वाच. बघ कुठे सापडतेस का."

तिने उभ्या उभ्या वाचलं. पहिल्या पानावर हसली. दुसऱ्या पानावर हसली नाही. "मॅडम, कमालच आहे," म्हणाली. "म्हणजे त्यांना वाटून राहिलं असेल की मुलगा येते म्हणून."

"मी तसं कुठे लिहिलंय?"

"नाही ना, तेच तर." मग म्हणाली, "याची एक झेरॉक्स घेऊ का?" मी म्हटलं, घे. कौतुकाने मागते आहे असंच मला वाटलं.

मालकांचं दुसरं उत्तर आलं तेव्हा सात तारीख मान्य होती, कराचं मान्य होतं. लाल रेघा फक्त दोन. पण जिथे मी 'सदर व्यक्ती' लिहिलं होतं, तिथे गोल होता आणि समासात फक्त एक प्रश्नचिन्ह. शब्द एकही नाही. मी ते पत्र घरी नेलं, स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलं आणि भाजी परतताना त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांना 'सदर' आवडत नाही म्हणून असेल, असं मी ठरवलं. तरी रात्री मला नीट झोप लागली नाही.

आता महिना संपायला आठ दिवस राहिले होते. तिसऱ्या पत्राबरोबर त्यांनी सोसायटीचा छापील फॉर्म पाठवला, कंपनीने भरून द्यायचा. राहणाऱ्याचं नाव, गाव, वय, कुठे काम करतात. नावाच्या आधी छापलं होतं, 'श्री./श्रीमती', आणि कंसात बारीक अक्षरात, 'नको ते खोडावे'. त्या फॉर्मपुढे मी तासभर बसले. शेवटी नावाची दोन आद्याक्षरं आणि आडनाव लिहिलं, आणि काहीच खोडलं नाही. माझ्या तिसऱ्या पत्रासोबत तो पाठवून दिला. खोटं एक अक्षरही लिहिलं नव्हतं, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते.

शनिवारी सकाळी त्यांचा ऑफिसात निरोप आला. कराराचा मसुदा घेऊन स्वतः यावं, सोबत फॉर्म पुरा करायचा आहे. वसतिगृह मंगळवारी सोडायचं होतं. मंगळवारी रात्रीच्या यवतमाळच्या गाडीचं तिकीट वडिलांनी तिला काढायला लावलं होतं, तेही तिने मला दाखवलं होतं.

नारायण पेठेतली ती दुसऱ्या मजल्यावरची खोली स्वच्छ होती, टेबलावर चष्मा, लाल पेन आणि माझी तिन्ही पत्रं तारखेप्रमाणे लावलेली. मालक सत्तरीचे, पांढरा सदरा, सरळ पाठीचे. पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. मसुदा हातात घेऊन प्रत्येक ओळीवरून पेनचं टोक फिरवत वाचू लागले. पंधरा मिनिटं घड्याळाशिवाय आवाज नव्हता. मी त्या पंधरा मिनिटांत तीन निरनिराळी उत्तरं तयार केली आणि तिन्ही विसरले.

"मुदत, रक्कम, अनामत, सूचना, सगळं ठीक," ते म्हणाले. "तुमचं शुद्धलेखन चांगलं आहे. हल्ली आढळत नाही."

"धन्यवाद."

"हा फॉर्म अपुरा आहे." त्यांनी तो माझ्याकडे वळवला आणि त्यावर लाल पेन ठेवलं. "छापणाऱ्याने लिहिलंय, नको ते खोडावं. आपण काहीच खोडलेलं नाही. म्हणजे आपल्याला दोन्ही हवं आहे, की दोन्ही नको?"

मी पेन उचललं. खरं सांगते, त्या क्षणी 'श्रीमती' खोडून टाकावं असं माझ्या मनात आलं होतं. करार होईल, नोंदणी होईल, कंपनी परवानाधारक आहे, कराराच्या कागदावर त्या मुलीचं नावच नाही. ती राहायला गेल्यावर काय करणार आहेत? 'कोणत्याही कर्मचाऱ्यास' ही ओळ आहेच. कायद्याने मी बरोबर ठरले असते. पेनचं टोक कागदाला लागलं आणि मला त्या तिकिटाची घडी आठवली, तिने पर्समधून कशी काढून दाखवली होती ते. लपवून मिळवलेली जागा उद्या गेली, तर तेच तिकीट पुन्हा निघणार होतं. मी 'श्री.' खोडलं. रेघ वाकडी आली.

"मुलगी आहे," मी म्हटलं. "एकटी राहणार आहे. रात्री साडेअकराला कंपनीची गाडी सोडेल. मी तुमच्यापासून हे लपवलं. तुम्ही नाही म्हणाल अशी भीती होती."

त्यांनी फॉर्म घेतला, माझी वाकडी रेघ पाहिली आणि त्यावर दुसरी सरळ रेघ मारली.

"त्यांनी मला दोन आठवड्यांपूर्वी फोन केला होता," ते म्हणाले.

मला कळलंच नाही. "कोणी?"

"तुमच्या सदर व्यक्तीने. म्हणाल्या, काका, पत्रात लिहिलेलं नाही म्हणून सांगते. मी मुलगी आहे, एकटी राहीन, रात्री उशिरा येईन. चालणार नसेल तर आत्ताच सांगा. मी म्हटलं, मला दोन दिवस द्या. दोन दिवसांत सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून आलो, आणि कळवलं, चालेल."

माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. पहिल्यांदा राग आला तो तिचा. माझ्या पाठीमागे! इतकी मेहनत घेतली मी, आणि ही पोरगी सरळ फोन करून मोकळी? मग त्यांचा राग आला. "दोन आठवडे माहीत होतं तर तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"मी प्रश्नचिन्ह केलं होतं," ते म्हणाले. "आपण उत्तर दिलं नाहीत. बघत होतो, कधी देता."

मी लाल पेन त्यांच्याकडे सरकवलं.

"आणि आज श्रीमती खोडलं असतंत," ते पुढे म्हणाले, "तर हा मसुदा आपल्याबरोबर परत गेला असता. आता एकच दुरुस्ती." त्यांनी मसुद्यातली ती ओळ दाखवली, कोणत्याही कर्मचाऱ्यास. "ही मान्य नाही. मी शब्द त्यांना दिला आहे, कंपनीला नाही. तिथे त्यांचं नाव घाला. उद्या त्यांना काढून तुम्ही दुसऱ्या कुणाला आणाल, तर माझी लेखी संमती लागेल. हे नसेल तर करार नाही."

मी म्हटलं, कंपनीच्या धोरणात कर्मचाऱ्याचं नाव करारात घालत नाहीत. ते म्हणाले, "मग धोरणाला शुभेच्छा."

खाली उतरून मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून साहेबांना घरी फोन लावला. साहेब म्हणजे आमच्या प्रशासनाचे प्रमुख, एरवी भले, पण कागद दिसला की हट्टी. "अजिबात नाही," ते म्हणाले. "ती उद्या बंगलोरला बदलली तर? आपण रिकाम्या फ्लॅटचे पैसे भरत बसायचे? नाव घातलं की आपण अडकलो. दुसरी जागा बघा."

"दुसरी जागा नाही, सर. मंगळवारी ती गावी जाते. मग प्रोजेक्ट कोण करणार?"

"वसतिगृह बघा एखादं."

"वसतिगृहच तर काढतंय!" मी ओरडले. बूथवाल्याने मान वर केली. मग मी आवाज खाली आणला आणि तिथेच उभं राहून कधी नव्हे ते शांतपणे समजावलं, की सोडायची सूचना एक महिन्याची आहेच. तिची बदली झाली, की त्या दिवशी सूचना द्यायची. फार तर एका महिन्याचं नुकसान. आणि मालक संमती देणारच नाहीत असं कुठे आहे? ते नाव मागतात, आपला हक्क नाही मागत. मी आणखी म्हटलं, की हे मान्य नसेल तर सोमवारी त्या मुलीला तुम्ही स्वतः सांगा, मी सांगणार नाही. हे मी बोलायला नको होतं. फोनच्या डब्यावर आकडे वाढत होते.

"घाला नाव," ते शेवटी म्हणाले. "आणि माझ्याशी असं पुन्हा बोलू नका."

सोमवारी करार टाइप झाला. त्या ओळीच्या जागी आता लिहिलं होतं, की सदनिकेत कंपनीच्या अभियंता कुमारी अमुक अमुक या राहतील, आणि बदल करायचा झाल्यास मालकांची लेखी पूर्वसंमती घेतली जाईल. दुपारी मी अधिकारपत्र आणि संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत घेऊन दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेले. मालक माझ्या आधी येऊन रांगेत उभे होते. फोटो, अंगठे, सह्या झाल्या. अनामतीचा धनादेश त्यांनी चष्मा चढवून वाचला आणि म्हणाले, "अक्षरी रक्कम बरोबर आहे."

संध्याकाळी किल्ली घेऊन मी तिच्या जागेवर गेले. ती वडिलांशी फोनवर बोलत होती. "नाही येऊन राहिले बाबा. झालं. हो, माझ्या नावानं," असं ऐकू आलं. फोन ठेवल्यावर मी तिच्यापुढे किल्ली ठेवली. आनंद झाला होता मला, पण त्याच्याखाली तीन दिवसांचा राग अजून धुमसत होता आणि तो मी गिळू शकले नाही.

"मला न सांगता फोन काहून केलास गं?" 'काहून' हा तिचाच वऱ्हाडी शब्द मी तिला टोचून मारला. "ते नाही म्हणाले असते तर? मी एवढी काळजी घेऊन लिहिलं होतं."

तिने किल्ली उचलली, मुठीत धरली. चिडली नाही. तिच्या जागी मी असते तर चिडले असते.

"मॅडम, पत्र खूपच छान होतं," ती म्हणाली. "मी रात्री रूमवर चार वेळा वाचलं. पण मला वाटून राहिलं की अशा घरात मी राहीन कशी? दूधवाला आला तर दार उघडू की नको? त्या पत्रात सगळं होतं. फक्त मी कुठंच नव्हते."

मी काहीतरी म्हणाले, बहुधा गाडी किती वाजता येईल ते. तिची माफी मागायला हवी होती, हे मला जिना उतरताना कळलं, आणि मी तशीच खाली उतरत गेले.